फुल्लचा दिवा हिरवा, पण अर्ध्या तासात काळोख: ट्युब्युलर बॅटरी कुठे अडते ते कसं शोधावं

गोव्यात डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत मी गेली कित्येक वर्षं वायरिंगची आणि इन्व्हर्टरची कामं करतो. मे महिन्याच्या शेवटी पहिले वारे सुटले, झाडांच्या फांद्या तारांवर आल्या आणि लाईट जायला लागली, की माझा फोन एकाच तक्रारीसाठी वाजत राहतो: "बॅटरी फुल्ल दाखवते, पण अर्धा तास पण चालत नाही." चवथीपर्यंत हे चालू असतं. यातल्या बऱ्याच घरांत दुकानदाराने "बॅटरी गेली, नवी घ्या" असं आधीच सांगितलेलं असतं. पण बॅटरी खरोखर गेलेली असते ती थोड्याच ठिकाणी. बाकी ठिकाणी पाणी, टर्मिनल किंवा अपुरं चार्जिंग यांपैकी काहीतरी, आणि बहुतेकदा तिन्ही एकमेकांत अडकलेले सापडतात.

हे सगळं १२ व्होल्टच्या, वरून सहा बुचं असलेल्या, पाणी घालायच्या उंच ट्युब्युलर बॅटरीबद्दल आहे. सीलबंद बॅटरी किंवा लिथियमला यातलं काही लागू नाही.

लक्षणं

खालच्यातलं एक किंवा जास्त दिसत असेल तर पुढे वाचा. लाईट आल्यावर तास-दोन तासांतच इन्व्हर्टर फुल्ल झाल्याचं दाखवतो. लाईट गेल्यावर पंखे सुरुवातीला नीट फिरतात आणि मग एकदम 'लो बॅटरी'ची शिट्टी वाजते. शिट्टीनंतर एखादा पंखा बंद केला की इन्व्हर्टर पुन्हा थोडा वेळ चालतो. बॅटरीच्या खांबांवर, म्हणजे केबली जोडतात त्या टर्मिनलांवर, पांढरी किंवा हिरवट-निळी बुरशीसारखी पूड साठलेली असते. बुचांमधल्या तरंगत्या काड्या खाली लाल खुणेवर गेलेल्या असतात.

यातलं पंखा बंद केल्यावर पुन्हा चालण्याचं लक्षण मला सगळ्यात बोलकं वाटतं. बॅटरी खरोखर रिकामी असेल तर भार कमी करून फार फरक पडत नाही. भार कमी करताच जीव येत असेल तर वाटेत कुठेतरी वीज अडते आहे असा संशय घ्यावा.

हात लावण्याआधी

इन्व्हर्टर पुढच्या बटणाने बंद करा आणि त्याचा भिंतीतला प्लगही काढा. नुसतं बटण बंद केलं तर चार्जिंग चालूच राहतं. अंगठी, बांगड्या, साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला शेवटपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण पाना एकाच वेळी दोन्ही खांबांना टेकला तर तो क्षणात लालभडक होतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा आणि शेजारी बादलीभर साधं पाणी हवं.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक घरी सांगतो. पुष्कळ घरांत बॅटरी जिन्याखाली असते आणि तिथेच देवघर किंवा उदबत्ती. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगीने भडका उडू शकतो. बॅटरीजवळ समई, उदबत्ती, काडी काही नको. आत डोकवायचं तर टॉर्चच. चार्जिंग बंद केल्यावर दारं-खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, मगच कामाला लागा.

पहिली तपासणी: भार किती आहे

याला पैसा लागत नाही. इन्व्हर्टरच्या लाईनीवर काय काय चालतं ते मोजा. घरात नवा टीव्ही आला, मुलाच्या खोलीत पंखा वाढला, कोणीतरी फ्रिजचा प्लग चुकून त्या लाईनीत टाकला, असं होतं. १५० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर पावणेतीनशे वॅटचा भार साडेतीन तासांच्या आसपास चालावा. भार दुप्पट झाला तर वेळ निम्म्याहूनही कमी होतो, कारण जोरात उपसली की ट्युब्युलर बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही. भार पूर्वीइतकाच असेल तर पुढे चला.

दुसरी तपासणी: पाणी

सहाही बुचांमधल्या काड्या पाहा. हिरव्या पट्ट्यात असतील तर पाणी ठीक, लाल दिसत असेल तर कमी. काडी कधीकधी घाणीने अडकून वरच राहते, म्हणून ती बोटाने हलकीच दाबून पाहा. ती खाली जाऊन पुन्हा वर आली तर खरं बोलते आहे. शंका असेल तर बूच काढून टॉर्चने बघा.

पाणी कमी होतं कारण चार्जिंगच्या शेवटी त्याचं वायूत विघटन होतं आणि उन्हाळ्यात थोडं उडूनही जातं. आम्ल मात्र आतच राहतं. म्हणून भर घालायची ती फक्त पाण्याची, आम्लाची कधीच नाही. "आम्ल घातलं की बॅटरी ताजी होते" असं सांगणारे भेटतात, आणि दोन दिवस तसं वाटतंही. पण उतरलेल्या बॅटरीत आम्ल कमी झालेलं नसतं, ते सल्फेट होऊन प्लेटांत बसलेलं असतं. ते चार्जिंगनेच बाहेर येतं. वरून आणखी आम्ल ओतलं तर पुढे सगळं मिळून द्राव फार तीव्र होतो आणि प्लेटा खातो.

पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, बंद बाटलीतलं घ्या. विहिरीचं पाणी आपल्याकडे विशेष वाईट. जांभ्या दगडातून आणि खाणपट्ट्यातून येणाऱ्या पाण्यात लोखंडाचा अंश असतो. लोखंड बॅटरीत गेलं की ते एका प्लेटेकडून दुसरीकडे फेऱ्या मारत राहतं आणि बॅटरी काही न चालवताही आतल्या आत उतरत जाते. हे नंतर काढता येत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोराईड प्लेटांचा सांगाडा कुरतडतं. आर.ओ.च्या पाण्यात क्षार कमी असतात, पण उरतात. ए.सी.तून टपकणारं पाणी पुष्कळ लोक शुद्ध समजून साठवतात, पण ते तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवरून धूळ धुऊन आलेलं असतं. पावसाचं पाणी कौलांवरून आलेलं असेल तर त्याचीही तीच गत.

आता कधी आणि किती घालायचं, इथे चूक होते. बॅटरी चार्ज होताना आतला द्राव फुगतो आणि पातळी वर येते. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ पाणी भरलं तर चार्जिंगच्या वेळी ते बुचांतून बाहेर येतं, आणि बाहेर येतं ते नुसतं पाणी नसतं, त्याबरोबर आम्ल जातं. तेच झाकणावर आणि टर्मिनलवर बसून पुढची सगळी कटकट सुरू करतं. म्हणून क्रम असा ठेवा: प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या जेमतेम बुडतील इतकंच पाणी घाला, रात्रभर चार्ज करा, आणि सकाळी काडी हिरव्या खुणेवर येईपर्यंत बाकीचं घाला. त्यासाठी प्लास्टिकचं नरसाळं वापरा, धातूचं नको.

पाणी घालताना कोणत्या सेलने, म्हणजे बुचाखालच्या कोणत्या कप्प्याने, किती प्यायलं ते लिहून ठेवा. सहाही सेल सारखंच पण भराभर पीत असतील तर इन्व्हर्टर गरजेपेक्षा जास्त चार्ज करतो आहे. पाच जणांनी वाटीभर घेतलं आणि एकट्याने तांब्याभर, तर त्या एका सेलवर नजर ठेवा. त्याच्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

तिसरी तपासणी: टर्मिनल

माझ्या अनुभवात लोक पाणी घालतात आणि तिथेच थांबतात. खांबावरची पूड त्यांना दिसते, पण ती नुसती घाण वाटते. खरं तर आपल्या दमट, खाऱ्या हवेत निम्मं दुखणं तिथेच असतं. पांढरी पूड म्हणजे शिशाचं सल्फेट. हिरवट-निळी असेल तर आम्लाने केबलच्या टोकाचं तांबं खाल्लेलं आहे. खांब आणि केबलच्या टोकाला बसवलेली धातूची कडी, म्हणजे लग, यांच्यामध्ये हा थर शिरला की तिथे विजेला अडथळा होतो.

हा अडथळा इन्व्हर्टरला दोन्ही वेळा फसवतो, आणि या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितो आहे. लाईट गेल्यावर बॅटरीतून पंचवीस-तीस अँपिअर वीज जाते, आणि त्या अडथळ्यात समजा अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो. बॅटरीत अजून जीव असतो, पण इन्व्हर्टरला तिचा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने कमी दिसतो आणि तो लवकर बंद होतो. लाईट आल्यावर वीज उलट्या दिशेने, बॅटरीत जाते. आता तोच अडथळा इन्व्हर्टरला व्होल्टेज आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी भरत आली, तो वेगाचं चार्जिंग लवकर आवरतो आणि हिरवा दिवा लावतो. पूर्ण न भरलेली बॅटरी पुन्हा उतरते, पुन्हा अर्धवट भरते. असं आठवड्यामागून आठवडे झालं की प्लेटांवरचं सल्फेट घट्ट होऊन बसतं, आणि मग बॅटरी खरोखरच दुबळी होते. सुरुवात झालेली असते एका नटाखालच्या पुडीपासून.

ओळखायला मल्टिमीटर हवा. साधा चालतो. डी.सी. २० व्होल्टवर ठेवा आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना ते दोनदा बघा. ती अँपिअरच्या भोकात राहिली तर मीटर बॅटरीला शॉर्ट करतो. लाईट गेलेली असताना, किंवा मेन स्विच पाडून, नेहमीचा भार चालू करा. एक टोक शिशाच्या खांबावर, दुसरं त्याच खांबाला जोडलेल्या लगवर. नटावर नको, प्रत्यक्ष लगवर. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर जोड साफ करायलाच हवा. दोन्ही खांबांवर बघा. मीटर नसेल तर दहा मिनिटं भार चालवून, इन्व्हर्टर बंद करून, हाताची मागची बाजू लगजवळ न्या. एक लग दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तोच दोषी.

साफ करताना आधी सहाही बुचं घट्ट आहेत ना ते बघा. सोड्याचं पाणी आत गेलं तर आतलं आम्ल मरतं. इन्व्हर्टर आणि प्लग दोन्ही बंद असताना आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह केबल सोडा, मग लाल. ग्लासभर कोमट पाण्यात मोठा चमचा खायचा सोडा घाला आणि जुन्या टूथब्रशने खांबांवर, लगवर, नट-बोल्टवर लावा. फेस येतो तो आम्ल मरत असल्याचा. फेस थांबेपर्यंत लावत राहा, मग ओल्या फडक्याने पुसा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण सुकवा. खांब आणि लगचा पृष्ठभाग बारीक सँडपेपरने हलकाच घासा, शिसं चमकायला लागलं की पुरे. पुन्हा लावताना आधी लाल, शेवटी काळी. नट घट्ट हवा, पण शिसं मऊ असतं, जोर लावून खांब फिरवू नका. सगळं जोडून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. जोडायच्या आधी आतल्या पृष्ठभागावर थापू नका, बाहेरून हवा आणि ओल अडवणं एवढंच त्याचं काम.

लगच्या आत केबलची तार हिरवी पडून भुगा झाली असेल तर घासून उपयोग नाही. तेवढा भाग कापून नवा लग दाबून घ्यावा लागतो, आणि ते हातोडीने ठोकून नव्हे तर लग दाबायच्या यंत्रानेच. इथे वायरमनला बोलवा.

झाकणही पुसून कोरडं ठेवा. पावसाळ्यात आम्लाची ओल आणि धूळ मिळून झाकणावर एक थर होतो, आणि त्यातून एका खांबाकडून दुसऱ्याकडे वीज झिरपते. मीटरचं एक टोक निगेटिव्हवर ठेवून दुसरं ओलसर झाकणावर फिरवलं की आकडे हलताना दिसतात.

चौथी तपासणी: चार्जिंग खरंच होतंय का

हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा. रात्रभर चार्ज करून सकाळी इन्व्हर्टर आणि प्लग बंद करा, तीन-चार तास बॅटरीला काही लावू नका आणि मग खांबांवर व्होल्टेज घ्या. लगेच घेतलं तर चार्जिंगचा वरवरचा फुगवटा दिसतो, खरा आकडा नाही. विसावलेल्या ट्युब्युलर बॅटरीला साधारण १२.५ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.१ म्हणजे अर्ध्याच्या आसपास. ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडीच्या बॅटरीचे १२.७ इथे शोधू नका, ट्युब्युलरमधलं आम्ल मुळातच थोडं सौम्य असतं.

मग चार्जिंग चालू असताना खांबांवर मीटर लावा. उतरलेली बॅटरी सुरुवातीला १३ च्या आसपास दाखवते आणि काही तासांत १४.२ ते १४.४ पर्यंत चढते, भरल्यावर १३.५ ते १३.८ वर येऊन थांबते. चौदाच्या जवळपासही कधी जात नसेल तर आधी इन्व्हर्टरच्या मागचा बॅटरीचा खटका बघा. पुष्कळ इन्व्हर्टरांना फ्लॅट आणि ट्युब्युलर असे दोन पर्याय असतात, आणि बॅटरी बदलताना तो खटका कोणी बदलत नाही. फ्लॅटवर राहिला तर ट्युब्युलर बॅटरी कायम थोडी उपाशी राहते. संध्याकाळी घरातला विजेचा दाब पडत असेल तर साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या इन्व्हर्टरचं चार्जिंगही मंदावतं, म्हणून मापं रात्री उशिरा किंवा सकाळी घ्या. उलट आकडा १५ च्या वर गेला तर तिथेच प्लग काढा. तो इन्व्हर्टरचा दोष आहे, आणि इन्व्हर्टर घरी उघडू नका.

पाचवी तपासणी: हायड्रोमीटर

काचेच्या नळीत तरंगणारं, द्रावाची घनता मोजणारं हे साधन स्वस्त आहे, पण हात आम्लाजवळ जातो म्हणून शेवटी. मीटर सहा सेलचा एकत्र आकडा देतो, हायड्रोमीटर प्रत्येक सेलची वेगळी हकीकत सांगतो. भरलेल्या ट्युब्युलर सेलला १.२४० च्या आसपास यायला हवं, आम्ही त्याला बाराशे चाळीस पॉइंट म्हणतो. ११८० म्हणजे बराच उतरलेला. एक सोपा ताळा आहे: सेलच्या आकड्यात ०.८४ मिळवले की त्या सेलचे विसावलेले व्होल्ट साधारण मिळतात. १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८, आणि सहा सेलचे १२.४८. मीटर आणि हायड्रोमीटर यांत फार तफावत आली तर एकाचं माप चुकलं आहे.

पाणी घातल्या-घातल्या माप घेऊ नका. नवं पाणी वरच तरंगतं आणि आकडा खोटा कमी येतो. बुडबुडे येईपर्यंत चार्ज होऊन द्राव ढवळला गेला की मगच घ्या. पाणी खूप कमी असतानाही घेऊ नका, तेव्हा द्राव घट्ट झालेला असतो आणि आकडा खोटा जास्त येतो. तापमानाची दुरुस्ती तीस-बत्तीस अंशांना तीन-चार पॉइंटांपलीकडे जात नाही, घरगुती तपासणीत ती सोडून द्या.

सहाही सेल सारखेच कमी असतील तर आशा आहे, बॅटरी उपाशी आहे. भार न टाकता दीड-दोन दिवस सलग चार्जिंगवर ठेवा आणि पुन्हा मोजा. मात्र पूर्ण चार्जिंगनंतरही एक सेल बाकीच्यांपेक्षा तीस पॉइंटांहून जास्त मागे असेल, तर तो सेल आजारी आहे. ११०० च्या आसपास पडलेला सेल बहुतेक आतून शॉर्ट झालेला असतो.

पेडण्यातलं एक घर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पेडण्यात आगरवाड्याच्या बाजूला, मिठागरांच्या जवळच्या एका घरी गेलो होतो. निवृत्त गुरुजी आणि बाई दोघंच. साडेतीन वर्षांची १५० अँपिअर-तासांची बॅटरी, तीन पंखे, पाच दिवे आणि इंटरनेटची डबी, मिळून सुमारे २७० वॅट. बाई म्हणाल्या, "अरे, आधी रात्री लाईट गेली तरी भागायचं. आता पंचवीस मिनिटांत शिट्टी. नवीन घ्यायला सांगितलंय, तू एकदा बघ आणि मगच घेऊ."

काड्या सहापैकी चार लाल. पॉझिटिव्ह खांबावर हिरव्या पुडीचा गोळा. मेन पाडून भार चालू केला. २७० वॅटला साधारण २८ अँपिअर लागतात. पॉझिटिव्ह खांब आणि लग यांच्यात मीटरने ०.७ व्होल्ट दाखवले. २८ गुणिले ०.७ म्हणजे जवळजवळ वीस वॅट एका नटाखाली उष्णता होऊन जात होते. खांबांवर ११.५ व्होल्ट असताना इन्व्हर्टरला १०.८ च दिसत होते, म्हणून तो शिट्टी वाजवायला लागला होता. गुरुजींना लगजवळ हात न्यायला सांगितला. ते म्हणाले, "हा तर चहाच्या कपासारखा तापलाय."

टर्मिनल साफ केलं, लग आतून चांगला निघाला. तोच भार पुन्हा लावल्यावर फरक ०.०३ व्होल्टवर आला. उघड्या प्लेटा बुडतील एवढं पाणी घातलं, रात्रभर चार्जिंग ठेवलं आणि सकाळी खुणेपर्यंत भरलं. सगळं मिळून दोन लिटर लागलं. इन्व्हर्टरचा खटका फ्लॅटवर होता, तो ट्युब्युलरवर केला. दुसऱ्या संध्याकाळी सेल ११८० ते ११९५ मध्ये होते. म्हणजे टर्मिनल सुधारलं, पण बॅटरी कित्येक महिन्यांची उपाशी होती. दोन दिवस सलग चार्जिंगवर ठेवायला सांगून मी निघालो. तिसऱ्या दिवशी पाच सेल १२२५ ते १२३५ आणि सहावा १२१५. वीस पॉइंट मागे, पण चालण्यासारखा. त्या रात्री मेन पाडून घड्याळ लावलं. पावणेतीन तास चालली. नव्या बॅटरीइतकी नाही, आणि गेलेले महिने परत मिळणार नाहीत हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्याच आठवड्यात डिचोलीतल्या एका दुकानात अगदी हीच लक्षणं होती. पाणी, टर्मिनल, चार्जिंग सगळं केलं. पाच सेल १२३० वर आले, तिसरा १०९० वरून हलेना, आणि बाकीचे शांत असताना तो एकटाच गरम. मी एक रात्र जास्त चार्जिंग देऊन पाहिलं, ते करायला नको होतं. शॉर्ट सेलच्या बॅटरीला चार्जिंग देत राहिलं की त्या सेलच्या वाट्याचे दोन व्होल्ट बाकीच्या पाचांवर पडतात आणि ते उकळायला लागतात. सकाळी सगळी बॅटरी तापलेली होती.

इथे थांबा

बॅटरीची बाजू फुगली आहे, डब्याला चीर गेली आहे किंवा खालून ओल येते आहे. चार्जिंगच्या वेळी ती हाताला चटका बसेल इतकी तापते. सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तो वास विषारी वायूचा असतो: जवळ जाऊ नका, घराचा मेन पाडा, दारं उघडा, बाहेर या. आतला द्राव तपकिरी गढूळ दिसतो, म्हणजे नळ्या फाटून प्लेटेतला माल बाहेर पडला आहे. एक सेल तीसपेक्षा जास्त पॉइंट मागे राहतो. लग किंवा केबलचं आवरण वितळलं आहे. एकापेक्षा जास्त बॅटऱ्या मालिकेत जोडल्या आहेत, तिथे व्होल्टेज अंगाला धोक्याचा होऊ शकतो आणि एक बॅटरी सोडून तपासण्याची पद्धत वेगळी असते. या सगळ्यांत घरचे उपाय करू नका, बॅटरीच्या कंपनीच्या किंवा इन्व्हर्टरच्या माणसाला बोलवा. वॉरंटी चालू असेल तर लक्षणं दिसल्याबरोबर, काही करून बघण्याआधी बोलवा, आणि कार्ड शोधून ठेवा.

आम्ल डोळ्यात उडालं तर चोळू नका. वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा मिनिटं धुवा आणि तसंच दवाखान्यात जा.

बॅटरी खरोखर संपली असेल तर भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. आत शिसं आणि आम्ल असतं, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापराकडे जायला हवी. नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतातच.

पेडण्याच्या त्या घरी मी बॅटरीच्या वरच्या भिंतीवर एक कागद चिकटवून आलो. त्यावर तारीख, सहा सेलचे आकडे आणि किती पाणी घातलं एवढंच. महिन्याच्या पहिल्या रविवारी गुरुजी काड्या बघतात आणि लगजवळ हात नेतात. चवथीच्या आधी बाईंचा फोन आला: पाचव्या सेलला अर्धी वाटी जास्त लागलं, काळजी करायची का? मी म्हटलं, एकदाच झालं तर नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा त्यालाच जास्त लागलं तर हायड्रोमीटर घेऊन येतो.